मंदिर जळाल्यावर यहोशवाने काय केलं

इ.स. ७० च्या उन्हाळ्यात, तम्मूझ महिन्याच्या सतराव्या दिवशी, जेरुसलेमच्या मंदिरातला रोजचा बळी थांबला. टायटसच्या रोमन फौजेचा वेढा पडून महिने झाले होते आणि शहरात उपासमार होती. तरीही तोवर सकाळी एक आणि दुपारी एक अशी वर्षाच्या आतली दोन कोकरं, सोबत पीठ, तेल आणि द्राक्षारस, वेदीवर चढत होती. त्या दिवशी ते थांबलं. इतिहासकार जोसिफस तेव्हा रोमन छावणीत होता. बळी थांबल्याच्या बातमीने लोक किती खचले, ते त्याने लिहून ठेवलं आहे. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, अव महिन्यात, मंदिरच जळालं. या दोन्ही दिवसांचे उपवास यहुदी लोक आजही पाळतात.

मंदिर जळालं, मग दुसरं बांधायचं, असं का झालं नाही? याचं पहिलं कारण रोम. यहुदी लोक मंदिरासाठी दरवर्षी अर्धा शेकेल देत असत. सम्राट व्हेस्पासियनने तो कर बंद केला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. आता ते पैसे रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिराकडे वळले. पण दुसरं कारण जास्त खोल आहे. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाची आज्ञा अशी की बळी देवाने निवडलेल्या एकाच जागी द्यायचा, वाटेल तिथे नाही. याजकांचं घराणं जिवंत होतं, कोकरं होती, लाकूड होतं, विधीचा एकेक बारकावा लोकांना तोंडपाठ होता. फक्त ती एक जागा नव्हती आणि तिच्याशिवाय बाकी सगळं निरुपयोगी होतं. इजिप्तमध्ये लिओन्टोपोलिसला एक वेगळं यहुदी मंदिर होतं खरं, पण रोमनांनी तेही थोड्याच वर्षांत बंद केलं.

एखाद्या धर्माचा मध्यवर्ती विधी असा एका दिवसात अशक्य होतो आणि तरीही तो धर्म उरतो, ही मला इतिहासातली फार विलक्षण गोष्ट वाटते. ती कशी घडली हे समजून घ्यायला एका माणसाच्या मागे जावं. त्याचं नाव यहोशवा बेन हनन्या.

यहोशवा लेवी वंशाचा होता. याजक वेदीवर बळी देत, तेव्हा लेवी पायऱ्यांवर उभे राहून स्तोत्रं गात. परंपरा सांगते की यहोशवा त्या गायकांपैकी एक होता. मंदिर गेलं तशी त्याची पिढीजात सेवाही गेली. पुढे त्याने धगीपुढे बसून सुया घडवल्या आणि पोट भरलं. त्याच्याविषयीच्या गोष्टी मिश्ना, तोसेफ्ता, तालमूद अशा ग्रंथांत येतात. त्यांतले सर्वांत जुने ग्रंथही घटनेनंतर शंभराहून जास्त वर्षांनी सिद्ध झाले, तालमूद तर कितीतरी शतकांनी. म्हणून यातला प्रत्येक संवाद जसाच्या तसा घडला, असं कोणी जाणता अभ्यासक म्हणत नाही. पण त्या काळातल्या लोकांना कोणते प्रश्न छळत होते, हे या गोष्टींतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कोणत्याही शिलालेखातून दिसत नाही.

पहिली गोष्ट वेढ्याची आहे. यहोशवाचे गुरू योहानान बेन झक्काई यांना युद्ध नको होतं, पण बंडखोर कोणालाच शहराबाहेर पडू देत नव्हते. तेव्हा यहोशवा आणि एलिएझर या दोन शिष्यांनी गुरूला मेल्याचं सोंग घ्यायला लावलं आणि प्रेत पुरायला नेतोय असं सांगून वेशीबाहेर काढलं. योहानान व्हेस्पासियनसमोर गेले, तो सम्राट होणार असं भाकीत त्यांनी केलं आणि बक्षीस म्हणून किनाऱ्याजवळचं याव्ने हे गाव आणि तिथले विद्वान मागून घेतले. व्हेस्पासियनला हेच भाकीत आपण सांगितलं, असं जोसिफसही स्वतःविषयी लिहितो, त्यामुळे इतिहासकार या कथेकडे सावधपणे पाहतात. याव्नेत विद्वानांचा एक गट जमला, एवढं मात्र बहुतेकांना मान्य आहे.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. गुरू-शिष्य जेरुसलेमहून चालले होते. मंदिराचे भग्नावशेष दिसताच यहोशवाने विलाप केला, की जिथे इस्राएलच्या पापांचं प्रायश्चित्त होत होतं ती जागाच उजाड झाली. गुरूने त्याला सांगितलं की आपल्यापाशी त्याच तोडीचं दुसरं प्रायश्चित्त आहे, ते म्हणजे माणसांवर केलेली दया. आणि होशेय या जुन्या संदेष्ट्याचा दाखला दिला, कारण देवाला बळीपेक्षा दया हवी, हे त्याने आठेकशे वर्षांपूर्वीच म्हटलं होतं. इथे गुरू नवं काही सांगत नाही. जुन्याच शास्त्रातलं एक वचन, जे आजवर कडेला होतं, ते तो मध्यभागी आणून ठेवतो. पुढचं सगळं काम या रीतीने झालं आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. मंदिर गेल्यावर काही लोकांनी मांस आणि द्राक्षारस सोडला. ज्या वेदीवर मांस चढत होतं आणि द्राक्षारस ओतला जात होता ती वेदीच नाही, मग आम्ही कसं खावं, कसं प्यावं, असं त्यांचं म्हणणं. यहोशवा त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि एकेक विचारू लागला. असं असेल तर भाकरीही नको, कारण पिठाचे नैवेद्यही थांबले. फळं नकोत, कारण पहिल्या फळांचं अर्पण थांबलं. पाणीही नको, कारण मांडवांच्या सणात वेदीवर पाणी ओतत ते थांबलं. लोक गप्प झाले. मग तो म्हणाला की अजिबात शोक न करणं शक्य नाही, पण लोकांना झेपणार नाही इतका शोकही करता येत नाही. म्हणून विद्वानांनी असं ठरवलं आहे: घराला गिलावा करा, पण थोडीशी जागा तशीच सोडा. मेजवानी करा, पण एखादा पदार्थ कमी ठेवा.

पुढच्या परंपरेने त्या जागेचं माप ठरवलं, एक हात लांब आणि एक हात रुंद, दारासमोरच्या भिंतीवर. मंदिराचा गायक असलेल्या माणसाने हे सांगावं, याला वजन आहे. दुःख किती करायचं याला त्याने हद्द घातली, आणि त्या हद्दीबाहेर जगायला जागा मोकळी झाली.

आता याव्नेकडे वळू. तिथे योहानान बेन झक्काईंनी केलेले काही फेरफार मिश्नात नोंदले आहेत. त्यातले दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

यहुदी नववर्षाला मेंढ्याचं शिंग फुंकतात, त्याला शोफार म्हणतात. नववर्ष शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी आलं तर फक्त मंदिरात शोफार फुंकत, बाकी गावांत नाही. आता मंदिर नव्हतं. तालमूदातली कथा अशी की याव्नेत नववर्ष शनिवारी आलं आणि आसपासच्या गावांतून लोक जमले. योहानान म्हणाले, फुंका. बेन बतैराच्या घराण्यातले विद्वान म्हणाले, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी फुंकू, मग चर्चा करू. शिंग फुंकून झालं. ते लोक चर्चेला आले तेव्हा योहानान म्हणाले की याव्नेत शिंग वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं आहे, आता झालेल्या गोष्टीवर वाद नको. यातून नियम बनला: जिथे विद्वानांचं न्यायमंडळ बसतं तिथे शब्बाथलाही शोफार फुंकावा.

दुसरा फेरफार मांडवांच्या सणाचा. खजुरीची मिटलेली झावळी आणि तिच्यासोबतच्या डहाळ्या हातात धरून हलवायच्या, असा त्या सणाचा विधी. मंदिरात तो सात दिवस चाले, इतरत्र फक्त पहिल्या दिवशी. योहानान यांनी ठरवलं की आता मंदिराच्या आठवणीसाठी सगळीकडे सात दिवस पाळावा.

दोन्ही निर्णयांत मंदिराचा विधी बाहेर आला, पण दोघांमागचा विचार वेगळा आहे. झावळी आठवणीच्या नावाने घरोघरी गेली. शिंग मात्र न्यायमंडळाच्या दारात गेलं, म्हणजे मंदिराचा एक अधिकारच विद्वानांच्या बैठकीने उचलला. बेन बतैराच्या लोकांना नेमकं हेच खटकलं असावं. आणि दोन्हींचं पुढे झालं तेही वेगळं. झावळीचे सात दिवस टिकले, फक्त शब्बाथचा दिवस वगळला जातो. शोफार मात्र आज बहुतेक पारंपरिक समाजांत शब्बाथला पुन्हा मुकाच राहतो. याव्नेतला प्रत्येक निर्णय काळावर कोरला गेला, असं मुळीच नाही.

योहानान यांच्यानंतर याव्नेची सूत्रं रब्बान गमलिएल यांच्याकडे आली. या गमलिएलशी यहोशवाचं दोनदा बिनसलं, आणि धर्माचा अधिकार याजकांकडून रब्बींकडे, म्हणजे शिकून अधिकारी झालेल्या विद्वानांकडे, कसा सरकला हे त्या दोन भांडणांत दिसतं.

पहिलं भांडण चंद्राचं. यहुदी महिना चंद्राची कोर दिसल्यावर सुरू होई. ज्यांनी कोर पाहिली ते साक्षीदार न्यायमंडळापुढे येत आणि मंडळ महिना जाहीर करी. गमलिएल यांच्या माडीवर पाटीवर आणि भिंतीवर चंद्राच्या आकृत्या होत्या. साध्या गावकऱ्याला त्या दाखवून ते विचारत, अशी दिसली की अशी? एकदा दोन साक्षीदार आले आणि म्हणाले की आम्ही कोर वेळेवर पाहिली, पण दुसऱ्या रात्री ती दिसली नाही. हे आकाशाच्या हिशेबात बसत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी कोर आणखी मोठी व्हायला हवी. तरी गमलिएल यांनी साक्ष मानली. यहोशवाचं मत पडलं की साक्ष खोटी आहे. प्रकरण साधं नव्हतं. तो सातवा महिना होता आणि त्याच्या दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा महाउपवास येतो. महिन्याची सुरुवात एक दिवस पुढेमागे झाली तर महाउपवासच चुकीच्या दिवशी.

गमलिएल यांनी निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने ज्या दिवशी महाउपवास येतो, त्या दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशाची थैली घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे त्या पवित्र दिवशी प्रवास कर, पैसे बाळग, आणि तुझा हिशेब तुझ्याच पायांनी मोड. यहोशवा व्याकुळ झाला. अकिवा या विद्वानाने त्याला शास्त्रातून दाखवलं की मंडळाने वेळेवर जाहीर केलेला सण असो की अवेळी, सण तोच, दुसरा नाही. यहोशवा काठी आणि थैली घेऊन याव्नेला गेला. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांनी त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि त्याला आपला गुरू म्हटलं, आपला शिष्यही म्हटलं. ज्ञानात गुरू, आणि शब्द पाळला म्हणून शिष्य.

वेदीवाचून एक समाज शेकडो गावांत विखुरला आहे. सगळ्यांना एका दिवशी उपवासाला आणणारं आता काही उरलं असेल तर ते कालगणना, आणि ती कोणाच्या तरी हातात असावी लागते. गमलिएलचा निर्णय खगोलाच्या दृष्टीने मला चुकीचा वाटतो. पण दोन गावांनी दोन दिवशी महाउपवास धरला असता तर काय झालं असतं, याचा विचार केला की यहोशवाची ती पायपीट वेगळी दिसू लागते.

दुसरं भांडण प्रार्थनेचं. मंदिरातल्या बळीच्या वेळा आणि प्रार्थनेच्या वेळा यांचा मेळ रब्बींनी फार बारकाईने घातला आहे. दिवसाचे, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, बारा भाग धरायचे. दुपारचं कोकरू साधारणपणे साडेआठव्या भागाला कापत आणि साडेनवव्या भागाला वेदीवर चढवत, म्हणजे दिवसरात्र समान असताना आपल्या घड्याळात दुपारी साडेतीन. दुपारच्या प्रार्थनेची एक नेहमीची वेळ बरोबर तिथूनच सुरू होते. सकाळची प्रार्थना दिवसाच्या चौथ्या भागापर्यंत करता येते, कारण सकाळचा बळी तोवर देता येई, असं एक मत आहे. सण आणि शब्बाथ या दिवशी मंदिरात जादा बळी असत, म्हणून त्या दिवशी जादा प्रार्थना. वेदी नाही, पण तिचं वेळापत्रक चालू राहिलं. त्या प्रार्थनेचा गाभा म्हणजे उभं राहून म्हणायच्या अठरा आशीर्वचनांचा क्रम. तो याव्नेत गमलिएल यांच्यासमोर शिमोन हा-पकुली याने लावला, असं तालमूद सांगतो.

मग रात्रीचं काय? रात्री बळी नव्हता, फक्त दिवसाच्या बळीचे उरलेले भाग वेदीवर रात्रभर जळत. म्हणून यहोशवाचं मत होतं की रात्रीची प्रार्थना ऐच्छिक. गमलिएल यांचं मत, सक्तीची. कोणीतरी ही विसंगती भर सभेत काढली, आणि गमलिएल यांनी यहोशवाला उभं राहायला लावून तसंच ताटकळत ठेवलं. या वेळी सभेचा संयम सुटला. चंद्राच्या वेळीही यालाच छळलं होतं, आता पुरे, असं म्हणत सभेने गमलिएल यांना अध्यक्षपदावरून काढलं आणि एलाझार बेन अझर्या या विद्वानाला बसवलं. ज्याचं अंतरंग बाहेरच्यासारखं शुद्ध नाही त्या शिष्याने आत येऊ नये, असा गमलिएल यांचा दंडक होता. दारावरचा पहारेकरी त्याच दिवशी हटवला गेला. अभ्यासगृहात चारशे बाकं वाढवावी लागली. कोणी म्हणतं सातशे.

गमलिएल माफी मागायला यहोशवाच्या घरी गेले. भिंती काजळीने काळ्या पडल्या होत्या. ते म्हणाले, भिंतींवरून दिसतंय तू धगीचं काम करतोस. यहोशवाने उत्तर दिलं की ज्या पिढीचे तुम्ही नेते आहात तिची कीव येते, कारण विद्वान कसे पोट भरतात हे तुम्हाला ठाऊकच नाही. शेवटी गमलिएल यांना पद परत मिळालं, पण एलाझारबरोबर वाटून. आणि रात्रीच्या प्रार्थनेचा निकाल? नियम यहोशवाच्या बाजूचा राहिला, ती ऐच्छिकच. पण लोकांनी ती रोज करायला सुरुवात केली आणि ती आजही सगळीकडे होते.

या गोष्टीतली बाकं मला महत्त्वाची वाटतात. याजक जन्माने होतो, बाहेरच्याला त्या वाटेने जाता येत नाही. बाकावर मात्र जो शिकायला येईल तो बसतो. मिश्ना एका ठिकाणी तर असं ठरवते की निषिद्ध संबंधातून जन्मलेला माणूस विद्वान असेल आणि महायाजक अडाणी असेल, तर मान आधी त्या विद्वानाचा. (ही बाकं पुरुषांचीच होती, आणि पुढे फार शतकं तशीच राहिली, हेही सांगायला हवं.) याजकांचं घराणं मात्र पुसलं गेलं नाही. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला पहिल्यांदा त्यांनाच बोलावतात आणि लोकांना आशीर्वादही तेच देतात. मान राहिला, सत्ता गेली.

गमलिएल कठोर असतील, पण एक अवघड गाठ त्यांच्याच नावावर सुटलेली आहे. वल्हांडणाचं कोकरू मंदिरात कापायचं आणि जेरुसलेमातच घराघरांत भाजून खायचं, हा त्या सणाचा प्राण होता. कोकरूच नाही, मग सण कसला? उत्तर मिळालं ते जेवणाच्या पंगतीत. गमलिएल यांचं म्हणणं की त्या रात्री तीन गोष्टींचा अर्थ जो बोलून दाखवत नाही त्याचं कर्तव्य पुरं झालं नाही: वल्हांडणाचं कोकरू, बेखमीर भाकरी आणि कडू भाजी. बारकाईने पाहा, यातल्या दोन गोष्टी ताटात आहेत. तिसरी फक्त बोलण्यात आहे, आणि तरी ती बाकी दोघींच्या बरोबरीला बसली. मुलाने प्रश्न विचारायचे, बापाने मुलाच्या समजुतीप्रमाणे गोष्ट सांगायची, द्राक्षारसाचे चार प्याले घ्यायचे, हा क्रम मिश्नात आहे. मिश्नातल्या मुलाचा एक प्रश्न असा की इतर रात्री आपण मांस कसंही शिजवून खातो, आज भाजलेलंच का? कोकरू आठवणीतूनही दूर जाऊ लागलं तसा हा प्रश्न गळला आणि त्याच्या जागी दुसरा आला: आज आपण रेलून बसून का जेवतो? एका प्रश्नाच्या अदलाबदलीत शतकांचं अंतर दिसतं.

इ.स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाने शेवटचं मोठं बंड केलं. त्याच्या नाण्यांवर मंदिराचं दर्शनी रूप आहे, म्हणजे लोकांना अजून परत बांधण्याची आशा होती. बंड चिरडलं गेलं, विद्वान उत्तरेला गालीलमध्ये गेले, आणि तिथे इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हा-नासी यांनी मिश्ना सिद्ध केली. तिच्या सहा विभागांतला एक पूर्ण विभाग बळींचा आहे. त्यातल्या एका प्रकरणात मंदिराच्या दारांची, अंगणांची, वेदीची मापं आहेत. दुसऱ्यात रोजच्या बळीची पहाट आहे: याजक चिठ्ठ्यांसारखी बोटं मोजून कामं कशी वाटतात, हेब्रोनपर्यंत उजाडलं का हे कोण पाहून सांगतो. मंदिर जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती. त्या ग्रंथकारांपैकी बहुतेकांनी ते पाहिलंही नव्हतं. पण तालमूदात मत आलं की बळीचा नियम जो अभ्यासतो त्याने जणू तो बळीच दिला. अभ्यास हाच विधी झाला.

आणि सिनेगॉग? ती मंदिराच्या राखेतून जन्मली, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. जेरुसलेममध्ये सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात थेओडोटोस नावाचा याजक सांगतो की त्याने तोरा वाचण्यासाठी आणि आज्ञा शिकण्यासाठी सिनेगॉग बांधली, सोबत परगावच्या लोकांसाठी खोल्या आणि पाण्याची सोय केली. बहुतेक अभ्यासक हा लेख मंदिर उभं असतानाचा मानतात. गामला आणि मॅग्दला इथेही इ.स. ७० पूर्वीच्या सभागृहांचे अवशेष मिळाले आहेत. वाचनासाठी जमायची जागा आधीच होती, मंदिर गेल्यावर तिच्याकडे प्रार्थनेचा भार आला.

त्या जागेवर रब्बींची सत्ता मात्र लगेच आली नाही. याव्नेत ठरलं आणि सगळ्यांनी मानलं, असं चित्र जुन्या पुस्तकांत असे. उत्खननाने ते मोडलं. बेत शआन खोऱ्यात बेत अल्फा इथे सहाव्या शतकातली सिनेगॉग आहे. तिच्या जमिनीवर रंगीत खड्यांत बारा राशी आहेत आणि मधोमध रथात बसलेला सूर्य. तालमूद वाचून कोणी अशा जमिनीची कल्पना केली नसती. त्याच खोऱ्यात रहोव इथे, साधारण त्याच काळातल्या सिनेगॉगच्या जमिनीवर चित्रांऐवजी एकोणतीस ओळींचा हिब्रू मजकूर आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तेव्हा कुठल्या गावची कुठली भाजी चालते आणि कुठली नाही, याचे रब्बींचे नियम. तो मजकूर जेरुसलेम तालमूदाशी जुळतो. या दोन जमिनी शेजारी ठेवल्या की कळतं: मंदिर जाऊन पाचशे वर्षं होत आली तरी रब्बींचा शब्द कुठे पायाखालच्या जमिनीवर उतरला होता, आणि शेजारच्या गावात लोक आपल्या पद्धतीने जात होते.

हे सगळं तात्पुरतं आहे, अशीच त्या लोकांची समजूत होती. प्रार्थनेच्या त्या आशीर्वचनांत मंदिराची सेवा परत सुरू होवो, अशी मागणी आहे. पारंपरिक प्रार्थनापुस्तकात रोज सकाळी बळीचा उतारा आणि मिश्नाचं बळींवरचं एक प्रकरण आजही वाचतात. दुसरं मंदिर सहाशे वर्षंही पुरं टिकलं नाही. त्याच्या जागी केलेली तात्पुरती व्यवस्था साडेएकोणीसशे वर्षं चालू आहे.

ती आपल्या कोकणापर्यंतही आली, मात्र उशिरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल शब्बाथ, सुंता, अन्नाचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना पिढ्यानपिढ्या सांभाळून होते. त्यांच्याकडे ना रब्बी होते, ना सिनेगॉग. मुंबईतली त्यांची पहिली सिनेगॉग, शाआर हारहमीम, सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मशीद बंदरजवळ बांधली. तिथला रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. आणि वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हगादा, १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्या पुस्तकात नसलेल्या कोकराविषयी गमलिएल यांनी बोलायला सांगितलेलं सगळं आहे, आणि ते मराठीत आहे.